चार मिलिव्होल्टांचं गाणं

नवा रेकॉर्ड प्लेअर घरी येतो, त्याच्या मागच्या लाल-पांढऱ्या तारा एका बाजारी ब्लूटूथ ट्रान्समीटरला जोडल्या जातात, ट्रान्समीटर स्पीकरशी जुळतो आणि सुई तबकडीवर टेकते. स्पीकरमधून गाणं येतं, पण ते कुठून तरी लांबून, बारीक, चिरचिरीत. आवाज पूर्ण वाढवला तर स, श, झांज, टाळ्या कानाला टोचतात, आणि डग्गा मात्र जणू मैफिलीला आलेलाच नाही. अशा वेळी दोष बहुतेकदा ब्लूटूथला दिला जातो. बिनतारी म्हटलं की असंच व्हायचं, असं म्हणून लोक महागडा स्पीकर घेतात आणि तोही तसाच वाजतो. ज्यांच्या घरचे असे जोड मी पाहिले, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी बिघाड बिनतारी टप्प्याच्या अलीकडे होता. साखळीतला एक दुवाच गायब होता. त्याचं नाव फोनो प्रीअँप.

हे प्रकरण समजायला सुईपासून सुरुवात करावी लागते. आजच्या बहुतेक प्लेअरच्या हाताच्या टोकाला जे कार्ट्रिज असतं, त्यात सुईच्या दांडीला एक इवलंसं चुंबक बसवलेलं असतं. सुई तबकडीच्या चरातून जाताना डावी-उजवी, वर-खाली थरथरते, तिच्याबरोबर चुंबक थरथरतं आणि शेजारच्या तारेच्या वेटोळ्यांत वीज निर्माण होते. ही वीज अगदीच अल्प असते, साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. सीडी प्लेअर २ व्होल्टपर्यंत देतो, फोनच्या हेडफोन जॅकमधूनही अर्धा-एक व्होल्ट मिळतो. ट्रान्समीटर, अँप्लिफायर, स्पीकरचं ऑक्स भोक हे सगळं त्या पातळीच्या अपेक्षेने बनवलेलं असतं. म्हणजे कार्ट्रिजचा आवाज किमान शंभर पट वाढवायला हवा, हे उघड आहे. बहुतेकांना एवढंच ठाऊक असतं आणि त्यामुळे ‘मग आवाज वाढवला की झालं’ असं वाटतं. खरी गोम मात्र पुढे आहे.

कार्ट्रिजमधून निघणारी वीज सुई किती वेगाने हलते यावर ठरते, किती लांब हलते यावर नाही. एकाच वेगाने हलायचं असेल, तर संथ कंपनाला जास्त जागा लागते, कारण तिला एका दिशेला जायला जास्त वेळ मिळतो. काळी एकला लावलेल्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज घ्या. त्याचं मूळ कंपन सेकंदाला सुमारे ७० वेळा होतं. आता तबकडी कापताना हा खर्ज मधल्या स्वरांइतक्याच ताकदीचा ठेवायचा म्हटलं, तर सेकंदाला ५ सेंटिमीटर या नेहमीच्या मोजणीच्या वेगाला कापणारी सुई मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना सुमारे ०.११ मिलिमीटर हलेल. एलपीचा चर स्वतःच जेमतेम ०.०५ मिलिमीटर रुंद. शिवाय २० मिनिटांच्या एका बाजूला तबकडी सुमारे ६६७ फेरे घेते आणि हे सगळे फेरे साडेआठ सेंटिमीटरच्या पट्ट्यात बसवायचे असतात. प्रत्येक फेऱ्याच्या वाट्याला येतो मिलिमीटरचा आठवा भाग. तेव्हा खर्ज लागला रे लागला की चर शेजारच्या चरात घुसणार, आणि घरची सुई रुळावरून उडणार.

वरच्या टोकाला अडचण उलटी. १०,००० हर्ट्झच्या आसपासची जवारीची झळाळी, टाळांची किणकिण कापायला जागा नगण्य लागते. इतकी की चराच्या भिंतींचा खरखरीतपणा आणि धूळ त्यांच्यावर मात करते. म्हणून तबकडी कापणाऱ्यांनी एक तोडगा काढला. कापताना खर्ज मुद्दाम दाबायचा आणि वरचे स्वर मुद्दाम फुगवायचे. वाजवताना बरोबर उलट करायचं: खर्ज उचलायचा, वरचे स्वर खाली आणायचे. वरचे स्वर खाली येताना चराची खरखरही त्यांच्याबरोबर खाली येते, हा त्यातला मोठा फायदा.

किती दाबायचं आणि किती फुगवायचं, याबाबत सुरुवातीला प्रत्येक कंपनीचा स्वतंत्र कारभार होता. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या रेकॉर्डिंग इंडस्ट्री असोसिएशनने, म्हणजे आरआयएएने, एकच प्रमाण ठरवलं आणि पुढे जगभरच्या एलपी त्यावर कापल्या जाऊ लागल्या. कोलकात्याजवळ डमडमच्या कारखान्यातून निघून आपल्याकडच्या कपाटांत येऊन बसलेल्या एचएमव्हीच्या एलपीही त्याच प्रमाणाच्या. फोनो प्रीअँपची दोन कामं इथे स्पष्ट होतात. तो आवाज वाढवतो, आणि या प्रमाणाची उलटी बाजू लावतो. दुसरं काम पहिल्याहून महत्त्वाचं आहे, असं माझं ठाम मत आहे, कारण पहिल्याची उणीव लगेच कळते आणि दुसऱ्याची उणीव लोक ‘जुन्या रेकॉर्डचा आवाज असाच असतो’ म्हणून वर्षानुवर्षं सहन करतात.

आकड्यांत पाहू. समजा मैफिलीत तीन आवाज सारख्याच पातळीचे होते: ७० हर्ट्झचा खर्ज, १,००० हर्ट्झवरचा गळ्याचा एक स्वरांश आणि १०,००० हर्ट्झवरची जवारीची झळाळी. आपलं कार्ट्रिज १,००० हर्ट्झला ४ मिलिव्होल्ट देतं. आरआयएए प्रमाणाने खर्ज सुमारे सहाव्या हिश्श्यावर दाबलेला, म्हणून तिथे मिळतात ०.७ मिलिव्होल्ट. झळाळी जवळजवळ पाचपट फुगवलेली, म्हणून तिथे १९ मिलिव्होल्ट. मैफिलीत समान असलेले हे आवाज तारेत येईपर्यंत एकाला सत्तावीस या प्रमाणात बिघडलेले आहेत. सरसकट शंभर पट वाढवलं तरी बिघाड तसाच राहतो, फक्त मोठ्याने ऐकू येतो. फोनो प्रीअँप मात्र १,००० हर्ट्झला १०० पट, खर्जाला जवळजवळ ६०० पट आणि झळाळीला केवळ २० पट वाढवतो. तिन्ही ठिकाणी उत्तर सुमारे ०.४ व्होल्ट येतं, म्हणजे मैफिलीत होतं तसं.

इथे एक शंका रास्त आहे. आजकाल स्पीकरच्या अ‍ॅपमध्ये खर्ज-तार कमीजास्त करायची सोय असते, मग तिथे ही दुरुस्ती का करू नये? कारण ब्लूटूथ ट्रान्समीटर आलेल्या विजेचे आधी आकडे करतो. साधारण १ व्होल्टसाठी त्याच्याकडे ६५,५३६ पायऱ्या असतात. ४ मिलिव्होल्टचा आवाज त्यातल्या अडीचशे-एक पायऱ्यांतच मावतो आणि ०.७ मिलिव्होल्टचा खर्ज सुमारे ४५ पायऱ्यांत. त्यात ट्रान्समीटरची स्वतःची सरसर मिसळते. नंतर तुम्ही खर्ज उचललात, की त्या मोजक्या पायऱ्या आणि ती सरसर दोन्ही उचलली जातात. त्यामुळे प्रीअँप नेहमी ट्रान्समीटरच्या आधी. कार्ट्रिज, मग प्रीअँप, मग ट्रान्समीटर, मग हवा, मग स्पीकर. हा क्रम बदलता येत नाही.

हा प्रीअँप तुमच्याकडे आधीच असू शकतो, आणि तो कुठे आहे हे शोधणं हे पहिलं काम. ऑडिओ-टेक्निका एटी-एलपी६०एक्सबीटी किंवा सोनी पीएस-एलएक्स३१०बीटी यांसारख्या प्लेअरमध्ये प्रीअँप आणि ब्लूटूथ ट्रान्समीटर दोन्ही आतच असतात. त्यांना बाहेरून काही लागत नाही. अशा प्लेअरवर एक छोटी कळ असते: एका बाजूला फोनो, दुसऱ्या बाजूला लाइन. लाइनवर ठेवली तर आतला प्रीअँप चालू आणि तारेतून पूर्ण ताकदीचा, दुरुस्त आवाज बाहेर. फोनोवर ठेवली तर आतला प्रीअँप बाजूला आणि कार्ट्रिजची कच्ची वीज बाहेर. तारेने साध्या स्पीकरला किंवा वेगळ्या ट्रान्समीटरला जोडत असाल तर लाइन. जुन्या अँप्लिफायरच्या फोनो असं लिहिलेल्या भोकात घालत असाल तर फोनो, कारण तिथे त्या अँप्लिफायरचा स्वतःचा प्रीअँप बसलेला असतो.

चूक दोन्ही बाजूंनी होते आणि कानाला दोन्ही वेगळ्या कळतात. प्रीअँप एकही नसेल तर वर सांगितलेला बारीक, टोचरा आवाज. दोन लागोपाठ लागले, म्हणजे प्लेअर लाइनवर आणि तार फोनो भोकात, तर आवाज प्रचंड, घुमणारा, चिखलासारखा गदगदीत आणि जोराच्या जागांवर फाटलेला येतो. असं ऐकू आलं की आवाज लगेच कमी करावा, कारण स्पीकरला त्याचा त्रास होतो.

आता ज्याच्यात काहीच बसवलेलं नाही अशा प्लेअरचा जोड पाहू. टेक्निक्स एसएल-१२०० मार्क २ हा १९७९ चा प्लेअर आजही पुष्कळ घरांत नीट फिरतो. त्याला ना प्रीअँप, ना ब्लूटूथ. त्याच्या मागून दोन आवाजाच्या तारा आणि एक बारीक सुटी तार निघते. आवाजाच्या तारा प्रीअँपच्या इनपुटला जातात. कार्ट्रिज चुंबक फिरणारं असेल तर प्रीअँपची कळ एमएम वर. वेटोळं फिरणारं, म्हणजे एमसी जातीचं असेल तर एमसी वर, कारण ते मिलिव्होल्टच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढंच देतं आणि त्याला हजार पट वाढ लागते. प्रीअँपच्या आउटपुटमधून दुसरी तार ब्लूटूथ ट्रान्समीटरला.

ती बारीक सुटी तार अनेकजण नुसतीच लोंबकळत सोडतात. ती प्लेअरच्या धातूची अर्थिंगची तार आहे आणि प्रीअँपवरच्या स्क्रूला आवळायची आहे. नाही आवळली तर स्पीकरमधून अखंड घूं असा आवाज येतो. आपल्या घरची वीज ५० हर्ट्झची, आणि प्रीअँप ज्या भागाला सर्वात जास्त उचलतो तो हाच. त्यामुळे कच्च्या तारेत शिरलेली कणभर घूं बाहेर येताना शेकडो पटींनी मोठी झालेली असते. अर्थिंग आवळूनही घूं राहिली तर प्रीअँपचा आणि ट्रान्समीटरचा अ‍ॅडॉप्टर प्लेअरपासून हातभर दूर सरकवावेत आणि सुई उचललेली असताना ऐकावं. एखादी वस्तू सरकवली की घूं बदलत असेल तर गुन्हेगार तीच. त्याच कारणाने कार्ट्रिज ते प्रीअँप ही तार आखूड हवी, मीटर-सव्वा मीटर. प्रीअँपच्या पुढची तार लांब चालते.

ट्रान्समीटर विकत घेताना एक गोष्ट दुकानात विचारूनच घ्यावी. बाजारात ब्लूटूथची बरीच छोटी डबकुली फक्त रिसीव्हर असतात. फोनवरचं गाणं जुन्या अँप्लिफायरला देण्यासाठी बनवलेली. आपल्याला उलट दिशा हवी. स्पीकर स्वतः रिसीव्हर आहे, आणि दोन रिसीव्हर एकमेकांना कधीच सापडत नाहीत. दोन्ही कामं करणाऱ्या डबकुलीवर टीएक्स-आरएक्स अशी कळ असते. ती टीएक्सवर हवी. जुळवताना घरातल्या सगळ्या फोनचं ब्लूटूथ काही मिनिटं बंद ठेवा. प्लेअरला किंवा ट्रान्समीटरला पडदा नसतो, यादीतून निवड करता येत नाही, आणि स्पीकर जुन्या ओळखीच्या फोनला आधी जाऊन चिकटतो. स्पीकर जोडणीच्या स्थितीत ठेवून ट्रान्समीटरची कळ दिवा झपाझप लुकलुकेपर्यंत दाबायची. दिवा स्थिर झाला की जोड झाला.

आता ब्लूटूथमुळे किती जातं, ते सांगायला हवं, कारण ते शून्य नाही. आवाज हवेतून पाठवताना दाबून लहान केला जातो. एसबीसी ही पद्धत सर्व उपकरणांत असतेच; ती चांगल्या स्थितीत सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट पाठवते, सीडीवर असतात १,४११. एपीटीएक्स, एलडॅक या पद्धती अधिक बऱ्या, पण त्या ट्रान्समीटर आणि स्पीकर दोघांतही असाव्या लागतात. एकात नसेल तर दोघं निमूटपणे एसबीसीवर येतात. उत्तम स्पीकरवर, शांत खोलीत, जवारीच्या बारकाव्यांत हा फरक लक्ष देऊन ऐकणाऱ्याला जाणवू शकतो. पण एकाला सत्तावीस असा बिघडलेला तोल आणि हा फरक यांची बरोबरीच नाही. पैसे मोजकेच असतील तर ते आधी बऱ्या प्रीअँपवर आणि न झिजलेल्या सुईवर घालावेत.

ब्लूटूथचा आवाज सेकंदाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याने उशिरा येतो. रेकॉर्ड ऐकताना त्याने बिघडत काहीच नाही. प्लेअरजवळ उभं राहिलं तर सुईची स्वतःची बारीक कुजबुज आधी आणि स्पीकर नंतर ऐकू येतो, तो दोष समजू नये. वायफायवर चालणाऱ्या स्पीकरांचा मार्ग थोडा वेगळा आहे. सोनोस फाइव्हसारख्या स्पीकरला लाइनचं भोक असतं. प्लेअर त्या एका स्पीकरला तारेने जोडायचा आणि तो घरातल्या इतर स्पीकरांना आवाज पुरवतो. तिथेही त्या भोकात फोनो प्रीअँप नाही, म्हणजे आधी प्रीअँप हवाच.

एका ब्लूटूथ स्पीकरवर स्टीरिओ मिळत नाही, अशी तक्रार असते. ती स्टीरिओ रेकॉर्डपुरती खरी आहे. पण आपल्याकडच्या संग्रहांत मोनो रेकॉर्ड पुष्कळ, विशेषतः नाट्यगीतं, भावगीतं आणि जुन्या शास्त्रीय गायनाच्या. मोनो चरात संगीत फक्त आडव्या हालचालीत असतं. सुईची वर-खाली हालचाल म्हणजे निव्वळ धूळ, ओरखडे आणि तबकडीचा वाकडेपणा. डावा आणि उजवा आवाज एकत्र मिसळला की ही वर-खाली हालचाल परस्परांना बऱ्याच अंशी खोडून काढते. म्हणून मोनो रेकॉर्डला दोन्ही बाजू मिसळून वाजवणारा एकटा स्पीकर खरखर कमी करून देतो. असे संग्रह असणाऱ्यांनी स्पीकरची जोडी नसल्याचं वाईट वाटून घेऊ नये.

सगळं जुळल्यावरही जोराच्या जागी, तानेच्या टोकाला आवाज फाटत असेल तर स्पीकरचा आवाज अगदी कमी करून तीच जागा पुन्हा ऐका. कमी आवाजातही फाटत असेल तर प्रीअँप ट्रान्समीटरला झेपेल त्याहून जास्त वीज देतोय. प्रीअँपवर पातळीची कळ असेल तर ती एक पायरी खाली आणावी. वर उल्लेख केलेल्या सोनीच्या प्लेअरवर कमी, मध्यम, जास्त अशी कळ याच कामाची. मोठ्या आवाजातच फाटत असेल तर तो स्पीकरचा आवाका संपला. आणि प्रत्येक रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यालाच फाटत असेल, तर ते तबकडीच्या आतल्या अरुंद फेऱ्यांचं आणि बहुधा झिजलेल्या किंवा तिरक्या बसलेल्या सुईचं काम. प्रीअँप बदलून ते जाणार नाही.

स्पीकर बिनतारी असल्याने तो प्लेअरच्याच टेबलावर ठेवायचा मोह होतो. तिथे नको. स्पीकरचा खर्ज टेबलातून सुईत शिरतो, प्रीअँप त्याला शेकडो पटींनी उचलून पुन्हा स्पीकरकडे पाठवतो, आणि आवाज वाढवत गेलं की एका क्षणी भोंग्यासारखी गुरगुर सुरू होते. स्पीकर वेगळ्या फळीवर, शक्यतो भिंतीच्या दुसऱ्या बाजूला, एवढंच पुरतं.

माळ्यावरून उतरवलेल्या एचएमव्ही फिएस्टासारख्या पेटीतल्या प्लेअरला हे सारे नियम लागू होत नाहीत. त्यांची कार्ट्रिजं क्रिस्टल किंवा सिरॅमिक जातीची असतात. ती सुई किती लांब हलते यावर वीज देतात, म्हणून दाबलेला खर्ज त्यांच्यात आपोआपच बराचसा भरून निघतो, आणि वीजही शेकडो मिलिव्होल्ट मिळते. त्यांना फोनो प्रीअँप लावला तर आवाज फाटका आणि घुमटच येईल. मात्र नेहमीच्या लाइनच्या भोकात घातलं तरी त्यांचा खर्ज गळतो. त्यांना सुमारे दहा लाख ओहमचं इनपुट लागतं, आणि तसा छोटा बफर मध्ये बसवून मगच ट्रान्समीटरकडे जावं लागतं. जुन्या क्रिस्टल कार्ट्रिजमधला रोशेल मीठाचा स्फटिक दमट हवेत खराब होतो. मुंबई-कोकणातले अनेक पावसाळे खाल्लेल्या पेटीचा आवाज मेलेला असेल तर बहुधा तोच बाद झालेला असतो, आणि त्या जागी सिरॅमिक कार्ट्रिज बसवता येतं.

बालगंधर्वांच्या काळातल्या लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आरआयएएच्याही आधीच्या. त्यांचे वरचे स्वर बहुधा फुगवलेले नसतात, त्यामुळे आजचा प्रीअँप ते निष्कारण खाली आणतो आणि गाणं कांबळ्याआडून आल्यासारखं लागतं. इथे मात्र स्पीकरच्या अ‍ॅपमधली तार वाढवायची सोय कामी येते. सुई तेवढी वेगळी, ७८ साठी बनवलेली जाड टोकाचीच लावावी. एलपीची सुई त्या रुंद चराच्या तळाशी जाऊन घासते आणि कितीही चांगला प्रीअँप पुढे असला तरी तिच्याकडून खरखरच मिळते.